कार्ड बंद करायला सांगितलं, तरी ७०५ रुपयांचं बिल आलं. हे भरायचं का भांडायचं?

मांजराकाठ (लातूर)
घरातल्या एका क्रेडिट कार्डाचं प्रकरण आहे. बिलाची तारीख दर महिन्याची १२. तारखा जशा आहेत तशा देतो.

१२ ऑगस्टचं बिल ७,३४० रुपये, ३१ ऑगस्टला पूर्ण भरलं. २ सप्टेंबरला उरलेले पॉइंट वापरून २५० रुपयांचं व्हाउचर घेतलं. ३ सप्टेंबरला कस्टमर केअरला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं. "रिक्वेस्ट घेतली आहे" असा मेसेज आला. कार्ड कापून टाकलं.

१२ सप्टेंबरला ७०५.६४ चं बिल आलं, ते मेलमध्येच पडून राहिलं. १२ ऑक्टोबरला आकडा १,३२५.२१. आता वसुलीचे फोन यायलेत. कार्ड कापल्यावर एक रुपयाचाही खर्च झालेला नाही. मग हे पैसे आले कुठून? आणि भरायचे का?

बीडचा_गडी
कार्ड कापलं, पण कार्डाचं मूळ कापलं नाही ना भाऊ. पाऊस पडला की फुटतंय परत.

शेतीवाडी_जालना
सोसायटीच्या सचिवाकडून नील दाखला घ्या. तो बँकेत दिल्याशिवाय सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नसतो. आमच्याकडं तर तलाठ्याकडं दोन चकरा ठरलेल्याच. कार्डावरचं व्याज मुदतीत भरलं असंल तर सवलत बी मिळते.

परभणीकर_अण्णा
@शेतीवाडी_जालना दादा, ते किसान क्रेडिट कार्ड. इथं प्लास्टिकच्या कार्डाचं चाललंय, बाजारहाट करायच्या.

@मांजराकाठ, काहीही भरू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सात दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर रोजचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. ३ सप्टेंबरपासून हिशेब लावा, बँकच तुमची देणेकरी निघते.

गोदातीर (नांदेड)
अण्णा, नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितला. २०२२ च्या निर्देशांत आलेला तो नियम असा: बंद करण्याची विनंती आल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. पण खात्यावर काहीही बाकी नसेल तरच. सगळी गोम त्या शेवटच्या अटीत आहे. १० रुपये बाकी असले तरी बँक म्हणते, "बाकी होती, म्हणून विनंती पुढे गेली नाही." आणि ही गोष्ट फोन करून सांगत नाही. विनंती नुसती पडून राहते.

@मांजराकाठ, १२ सप्टेंबरच्या बिलात ७०५.६४ ची फोड काय दाखवली आहे? प्रत्येक ओळीसमोरची तारीखही द्या. निकाल त्या तारखांवर लागेल.

मांजराकाठ (लातूर)
पीडीएफ उघडून बघितलं.
२ सप्टेंबर: रिवॉर्ड रिडम्प्शन शुल्क ९९, त्यावर जीएसटी १७.८२.
५ सप्टेंबर: वार्षिक शुल्क ४९९, त्यावर जीएसटी ८९.८२.

ऑक्टोबरच्या बिलात लेट फी ५००, जीएसटी ९०, व्याज २५.०६, व्याजावर जीएसटी ४.५१.

हे कार्ड मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोरानं "लाइफटाइम फ्री" म्हणून दिलं होतं.

गोदातीर (नांदेड)
आता चित्र स्पष्ट झालं. इथं दोन वेगळ्या रकमा आहेत आणि दोन्हींचा न्याय वेगळा.

पहिली ११६.८२. पॉइंट २ तारखेला वापरले, शुल्क त्याच दिवशी लागलं, पण १२ ऑगस्टचं बिल आधीच छापून गेलेलं. म्हणजे ३ तारखेला फोन केला तेव्हा ॲपमध्ये "एकूण देय शून्य" दिसत होतं आणि त्याच वेळी ११६.८२ रुपये बिलात न आलेले, मागे उभे होते. कार्ड बंद करताना बहुतेक जण इथंच फसतात. "देय" हा आकडा मागच्या बिलाचा असतो, आजचा नसतो. ॲपमध्ये "अनबिल्ड" म्हणून वेगळा रकाना असतो, तो बघायचा. ही रक्कम खरी आहे आणि ती भरावी लागेल.

दुसरी ५८८.८२, वार्षिक शुल्काची. ते ५ तारखेला लागलं, तुमची विनंती ३ तारखेची. यावर भांडता येतं आणि भांडावं.

"लाइफटाइम फ्री"चं म्हणाल तर तोंडी शब्दाला इथं किंमत नाही. कार्डासोबत आलेल्या पत्रात किंवा अटींच्या कागदात काय लिहिलंय ते बघा. पुष्कळदा पहिलं वर्ष मोफत असतं आणि पुढच्या वर्षी ठरावीक खर्च केला तरच शुल्क माफ. त्या खर्चात पेट्रोल, भाडं, वॉलेट धरत नाहीत, असंही बऱ्याच कार्डांच्या अटींत असतं.

बीडचा_गडी
२५० च्या व्हाउचरसाठी ११७ रुपये दिले आणि वर १,३२५ चं बिल घेतलं. याला म्हणतात रिवॉर्ड.

हिशेबनीस (संभाजीनगर)
ऑक्टोबरच्या बिलातलं व्याज तपासलं. ७०५.६४ वर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के, ३० दिवसांचं २५.०६ येतं. आकडेमोड बरोबर आहे, पण आकारणी चुकीची वाटते. त्याच निर्देशांत असं आहे की न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. आणि ७०५.६४ मध्ये खरेदीचा एक पैसा नाही, सगळं शुल्क आणि जीएसटी. तक्रारीत हा मुद्दा वेगळा लिहा. रक्कम किरकोळ आहे, पण मुद्दा घट्ट आहे.

लेट फीचं तसं नाही. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की ती लावता येते. ११६.८२ खरोखर बाकी होते, त्यामुळे बँक म्हणेल लेट फी योग्यच. वार्षिक शुल्क मागे घेतलं तर बाकी लहान होते आणि लहान बाकीवर लेट फीही कमी किंवा शून्य असते. प्रत्येक बँकेचा तक्ता वेगळा. तुमच्या कार्डाच्या तक्त्यात शंभर ते पाचशेच्या बाकीला किती लेट फी आहे ते बघा आणि तेवढीच मान्य करा.

तुळजापूरची_लेक
माझ्या नावानं एक कार्ड आलं होतं, मी ते चालूच केलं नाही. पिनपण बनवला नाही. तरी वर्षानं ५९० रुपये मागायलेत. मलापण हेच लागू होतं का?

गोदातीर (नांदेड)
@तुळजापूरची_लेक, ताई, तुमची बाजू तर जास्त मजबूत आहे. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांच्या वर चालू केलं नसेल, तर बँकेनं ओटीपी मागून तुमची संमती घ्यायला हवी. संमती नाही मिळाली तर सात कामाच्या दिवसांत, कुठलाही खर्च न लावता, खातं बंद करायचं. फोनवर कुणाला ओटीपी दिला होता का, तेवढं आठवून बघा. दिला असेल तर बँक त्यालाच संमती म्हणेल.

परभणीकर_अण्णा
एवढी दगदग कामून करायची? कार्ड कपाटात टाकून द्या. वर्षभर वापरलं नाही की बँकच बंद करते. हाही नियमच आहे.

हिशेबनीस (संभाजीनगर)
अण्णा, याचीही दुसरी बाजू आहे. वर्षभर वापर नसला तर बँकेनं कळवायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं. पण इथंही बाकी भरलेली असण्याची अट आहे. त्या वर्षाच्या मध्ये वार्षिक शुल्क लागलं की बाकी झाली, आणि बाकी झाली की कपाटातलं कार्ड कपाटातच लेट फी चढवतं. शुल्क नसलेल्या कार्डाला तुमची युक्ती चालेल, बाकीच्यांना नाही.

परभणीकर_अण्णा
बरं बाबा. दोन्ही नियम बरोबर सांगितले आणि दोन्हीकडं हरलो.

लेंडीकाठ (नांदेड)
थोडं विषयांतर. पूर्ण बिल भरलं, कुठलं शुल्क नाही, पॉइंटही वापरले नाहीत, तरी पुढच्या महिन्यात चारेकशे रुपये व्याज आलं, असं एका ओळखीच्यांचं झालंय. बँक म्हणते बरोबर आहे. ते कसं काय?

हिशेबनीस (संभाजीनगर)
त्यांनी आधीच्या महिन्यात पूर्ण बिल न भरता किमान रक्कम भरली असणार. मग बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज रोजच्या रोज चढतं. बिल मात्र महिन्यातून एकदाच छापतात. बिल छापल्याच्या दिवसापासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज त्या बिलात असूच शकत नाही, ते पुढच्या बिलात येतं.

उदाहरण घ्या. १२ जूनचं बिल १८,४०० रुपये, सगळी मागून आलेली बाकी. १ जुलैला पूर्ण १८,४०० भरले. १३ जून ते १ जुलै असे १९ दिवस ती रक्कम उभी होती. वर्षाला ४३.२ टक्क्यांनी १९ दिवसांचे ४१३.७७ होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ७४.४८, एकूण ४८८.२५. हे १२ जुलैच्या बिलात येणार. २ जुलैला कार्ड बंद करायला सांगितलं असेल तर त्या दिवशी ॲपमध्ये शून्य दिसेल आणि हे ४८८ मागून येतील.

म्हणून बाकी ओढत आणलेलं कार्ड एका दमात बंद होत नाही. पूर्ण भरायचं, काही खरेदी करायची नाही, पुढचं बिल येऊ द्यायचं, त्यात आलेलं शेपटाचं व्याज लगेच भरायचं. त्यानंतर जे बिल शून्य येईल, त्यावर विनंती टाकायची. घाई असेल तर कस्टमर केअरला विचारायचं, "आजच्या तारखेला खातं बंद करायला व्याजासकट एकूण किती भरायचं?" हा आकडा बिलापेक्षा वेगळा असतो आणि तो त्यांना काढून देता येतो. मात्र त्याच दिवशी भरा, उद्या बदलतो.

लेंडीकाठ (नांदेड)
हाव, किमान रक्कमच भरायचे ते. आता समजलं.

मांजराकाठ (लातूर)
@गोदातीर, मग मी आता नेमकं काय करू? इथल्या शाखेत गेलो तर "कार्डाचं आमच्याकडं काही नसतं" म्हणून हात वर केले.

गोदातीर (नांदेड)
शाखा खोटं बोलत नाही. कार्डाचा विभाग वेगळा असतो, काही ठिकाणी तर कंपनीच वेगळी असते. शाखेत चकरा मारू नका, आणि पोस्टानं अर्ज पाठवा म्हणाले तर ऐकू नका. फोन, ईमेल, वेबसाइट, ॲप यांवरून विनंती घेणं त्यांना बंधनकारक आहे, पोस्टाचा आग्रह धरता येत नाही.

पहिलं काम, ३ सप्टेंबरच्या मेसेजमधला विनंती क्रमांक शोधा. दुसरं, बँकेत नोंदवलेल्या तुमच्या ईमेलवरून कार्ड विभागाला लिहा. विषयाच्या ओळीत "कार्ड बंद करण्याची विनंती" आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही, पिन काही नाही. मजकूर लांबवू नका. ३ सप्टेंबरला या क्रमांकाने विनंती दिली. ५ सप्टेंबरचं वार्षिक शुल्क ५८८.८२ आणि त्यातून निघालेली लेट फी व व्याज जीएसटीसह मागे घ्या. २ सप्टेंबरचं ११६.८२ मला मान्य आहे. खातं बंद करून लेखी कळवा. "जीएसटीसह" हा शब्द विसरू नका. कधी कधी ४९९ परत येतात आणि ८९.८२ खात्यावर तसेच राहतात, आणि त्या ८९.८२ वर पुन्हा हाच खेळ सुरू होतो.

समाधान झालं नाही तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे. पहिल्या तक्रारीला ३० दिवस होऊनही उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर, फुकट. आधीच लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत पाठवतात.

बीडचा_गडी
आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं भलतेच "साहेब" बसलेले असतात. कार्डामागचा नंबर घ्या.
कार्ड कापलंय म्हणा तुम्ही. मग बिलावरचा घ्या.

जुनी_पेठ (हिंगोली)
गोदातीर यांनी भांडायचं सांगितलं, ठीक. पण तोवर १,३२५ भरायचे का फक्त ११६.८२? खरा प्रश्न हाच आहे आणि त्याला कुणी हात लावला नाही. माझ्या मते फक्त मान्य रक्कम भरावी. सगळं भरलं की बँकेला कसलीच घाई राहत नाही.

गोदातीर (नांदेड)
मी उलट सांगेन. १,३२५.२१ पूर्ण भरा आणि मेलमध्ये लिहा की आक्षेप कायम ठेवून भरतोय. फक्त ११६.८२ भरले तर बँकेच्या दप्तरी खातं थकीतच राहतं, सिबिलला थकबाकी जात राहते आणि बंद करायची विनंती पुन्हा अडते. शुल्क मागे आलं तर जमेची बाकी दिसेल. खातं बंद झाल्यावर ती तुमच्या बचत खात्यात वळती करणं बँकेला बंधनकारक आहे. त्यासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी आत्ताच देऊन ठेवा, कारण काही ठिकाणी जमा बाकीमुळेही "आधी ती संपवा" म्हणून अडवतात.

जुनी_पेठ (हिंगोली)
अडवतात म्हणजे? आपलेच पैसे तर ते देणं लागतात!

हिशेबनीस (संभाजीनगर)
म्हणूनच लिहून मागायचं. बिल भरताना पैसे गोल करून जास्त भरायची सवय इथं नडते. ७०५.६४ असतील तर ७०५.६४ च भरा, ७१० नको आणि ७०५ तर अजिबात नको. ६४ पैशांनी अडलेली खाती असतात.

पूर्ण भरायचं का नाही, यावर माझं मत मधलं. वर्षभरात घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तर गोदातीर म्हणतात तसं करा. नसेल तर जुनी_पेठ यांचाही मार्ग चालतो, फक्त नोव्हेंबरच्या बिलात आणखी लेट फी दिसेल आणि तीही भांडणात घालावी लागेल.

मांजराकाठ (लातूर)
वसुलीवाला म्हणाला, "सातशे भरा, सेटल करून टाकतो." स्वस्तात सुटायलंय असं वाटलं.

गोदातीर (नांदेड)
थांबा! तेवढं करू नका. "सेटल" म्हणजे बँकेनं उरलेल्यावर पाणी सोडलं, अशी नोंद सिबिलमध्ये पडते. पुढं लाखांचं कर्ज मागताना सहाशे रुपयांची ती नोंद समोर येते. तुम्हाला शुल्क "रिव्हर्स" हवंय आणि खातं "क्लोज्ड" हवंय. त्याला तेवढंच सांगा की तक्रार दिलेली आहे, क्रमांक हा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यानं फोन करायचा नाही, तेही सांगा.

तुळजापूरची_लेक
मी बंद करायच्या आधी काय काय बघू? ओटीटीचे पैसे कापायला लावलंय ते दुसऱ्या कार्डावर आहे, तेपण पुढं बंद करायचंय.

हिशेबनीस (संभाजीनगर)
जे दर महिन्याला आपोआप कापलं जातं ते आधी सोडवा. ओटीटी, विमा, फास्टॅग, मोबाइल, वीजबिल. कार्ड विभागाच्या पानावरून संमती रद्द करा आणि त्या त्या कंपनीकडेही दुसरं कार्ड लावा, एका बाजूनं पुरत नाही. रूपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तिथलंही ऑटोपे. हप्त्यावर काही घेतलं असेल तर कार्ड बंद करताना उरलेले हप्ते एकदम मागतात, वर मुदतीआधी बंद केल्याचं शुल्क, म्हणून हप्ते संपू देणं बरं. ऑनलाइन परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतील तर ते येईपर्यंत थांबा. पॉइंट वापरायचे तर बंद करायच्या एक बिल आधी वापरा, म्हणजे त्याचं शुल्क बिलात येऊन भरून होतं. आणि वार्षिक शुल्काचा महिना कार्डावरच्या "मेंबर सिन्स"वरून किंवा मागच्या वर्षीच्या बिलावरून काढा. त्याच्या निदान दोन बिलं आधी हे सगळं सुरू करा.

एफडीवर दिलेलं कार्ड असेल तर बंद झाल्यावर एफडीवरचा बोजा उतरवायलाही वेगळं सांगावं लागतं.

शेतीवाडी_जालना
म्हणजे शेवटी नील दाखला आणि बोजा, तेच की! मी पहिल्यांदा काय सांगत होतो?

परभणीकर_अण्णा
दादांना तलाठी सोडून सगळं बरोबर.

गोदातीर (नांदेड)
खरंच तसंच आहे. "रिक्वेस्ट घेतली" हा मेसेज म्हणजे अर्ज दिल्याची पोच. "खातं बंद झालं" असा मेसेज किंवा मेल वेगळा येतो, तो जपून ठेवा. त्याशिवाय शून्य बाकीचं पत्र मागून घ्या. महिना-दीड महिन्यानं सिबिलचा अहवाल बघा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात त्या कार्डासमोर "क्लोज्ड" आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. ऑक्टोबरची थकबाकीची खूण तिथं असेल, तर शुल्क मागे घेतल्याचा मेल जोडून दुरुस्ती मागा.

मांजराकाठ (लातूर)
विनंती क्रमांक सापडला. मेल टाकला, १,३२५.२१ पैशासकट भरले, आक्षेप लिहून. लगेच छापील उत्तर आलं: "वार्षिक शुल्क वर्षाच्या सुरुवातीला लागू होते आणि परत होत नाही. विनंतीवर कार्यवाहीसाठी सात कामाचे दिवस असतात, शुल्क त्या मुदतीत लागले आहे."

जुनी_पेठ (हिंगोली)
बघा, घेतले ना ठेवून.

हिशेबनीस (संभाजीनगर)
त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. ३ तारखेपासून सात कामाचे दिवस १२ च्या आसपास संपतात आणि शुल्क ५ ला लागलंय. अटींच्या कागदात "विनंतीच्या तारखेपासून" आहे का "बंद झाल्याच्या तारखेपासून", हे बघावं लागेल.

गोदातीर (नांदेड)
मला पटत नाही. सात दिवस बँकेला काम उरकायला दिलेत, त्या मुदतीत पुढच्या वर्षाचं शुल्क लावायला नाही. जे कार्ड ग्राहकानं नको म्हटलं त्याची पुढच्या बारा महिन्यांची फी कशाची? नोडल अधिकाऱ्याला हेच एका वाक्यात लिहा, आणि शुल्कावरच्या व्याजाचा मुद्दा सोबत ठेवा, त्याला छापील उत्तर चालणार नाही.

हिशेबनीस (संभाजीनगर)
अटींचा कागद इथं टाका, मग बोलू. ११६.८२ ची बाकी तेव्हा होती, हे बँक सोडणार नाही.